परतीच्या दिवशी कितवा आठवडा? गरोदरपणात व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेला जाताना

आजचा भाग जरा घरचा आहे. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा व्हॉईस मेसेज आला. "अगं, मला पाचवा महिना आहे, बहिणीकडे टेक्सासला जायचंय, व्हिसा आहे, जाऊ का?" मी तिला उत्तर म्हणून एक मेसेज पाठवला, मग दुसरा, मग तिसरा. सातव्या मेसेजला वाटलं, याचा सरळ एक एपिसोडच करावा. कारण हे सगळं मी २०२५ मध्ये स्वतः केलंय. आणि करताना एक गोष्ट कळली, ती आधी कोणी सांगितली असती तर माझे तीन आठवडे वाचले असते.

ती गोष्ट आधीच सांगते, म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. विमान कंपनी, इन्शुरन्स कंपनी आणि तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी, हे तिघं वेगवेगळे प्रश्न विचारतात असं वाटतं. पण तिघांचाही प्रश्न एकच असतो: बाळ येण्याच्या वेळी तुम्ही कुठे असणार, आणि पैसे कोण भरणार? याचं उत्तर ज्या तारखेवर ठरतं ती जाण्याची तारीख नाही, परतीची आहे. आपण सगळे मात्र जाण्याची तारीख धरून बसतो. मीही तेच केलं होतं.

आता माझी गोष्ट. दादा न्यू जर्सीला असतो. त्याचं लग्न ठरलं ५ जुलै २०२५ ला, तिकडेच. माझ्याकडे आधीचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा होता, ऑफिसच्या कामासाठी काढलेला. म्हणजे कॉन्सुलेटची रांग नव्हती. मी बिनपगारी रजा टाकली आणि प्लॅन केला की २० जूनला जायचं, लग्न करायचं, दोन महिने दादा-वहिनीकडे राहायचं आणि २४ ऑगस्टला परत. आई पण सोबत येणार होती. तिकीट काढणार, तेवढ्यात प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली.

डॉक्टर म्हणाल्या, "सगळं नीट चाललं तर चौथा ते सहावा महिना प्रवासाला सगळ्यात बरा." मला वाटलं, झालं! जूनमध्ये मी सहाव्या महिन्यात असेन. तिकीट काढून टाकू.

इथे पहिली चूक. आपण महिने मोजतो, विमान कंपन्या आठवडे मोजतात. आणि आठवडे कुठून मोजायचे हा स्वतंत्र विषय आहे.

माझ्या शेवटच्या पाळीची तारीख होती ६ जानेवारी. त्यात २८० दिवस मिळवले की ड्यू डेट येते १३ ऑक्टोबर. पण अकराव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफी झाली, तेव्हा बाळाच्या मापावरून ड्यू डेट निघाली ४ ऑक्टोबर. नऊ दिवस अलीकडे. माझी पाळी तशीही अनियमित असायची. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत एवढा फरक आला की डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात, आणि मग कागदावर तीच राहते. माझ्या मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये मात्र जुनीच तारीख होती. म्हणजे मी नऊ दिवस मागे चालत होते, आणि त्याच हिशोबाने तिकिटं बघत होते.

मग मी काय केलं, तर जे आपल्याला येतं तेच. चार ओळी लिहिल्या:

```python
from datetime import date
edd = date(2025, 10, 4)
for d in [date(2025, 6, 20), date(2025, 7, 9), date(2025, 8, 24)]:
    n = 280 - (edd - d).days
    print(d, n // 7, n % 7)
```

`edd` म्हणजे ड्यू डेट. तुमची तारीख टाका, प्रवासाच्या तारखा टाका, आणि प्रत्येक तारखेला किती आठवडे आणि वर किती दिवस झाले ते येईल. माझं उत्तर आलं: २० जूनला २४ आठवडे ६ दिवस. २४ ऑगस्टला ३४ आठवडे १ दिवस.

चौतीस! जाताना मी आरामात सहाव्या महिन्यात होते, पण येताना नववा महिना जवळ आलेला. आणि विमान कंपनीचा नियम प्रत्येक फ्लाइटला वेगळा लागतो. जाताना चालवून घेतलं म्हणून येताना घेतीलच असं नाही.

आता हे नियम काय असतात ते सांगते. प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा असतो, पण साचा बहुतेक ठिकाणी सारखा आहे. एकच बाळ असेल आणि सगळं नॉर्मल असेल तर साधारण २८ आठवड्यांपर्यंत कोणी कागद मागत नाही. त्यानंतर डॉक्टरांचं पत्र लागतं. आणि ३६ आठवड्यांच्या आसपास दार बंद. जुळी असतील तर ते दार ३२ लाच बंद होतं, काही ठिकाणी त्याआधी. उदाहरणार्थ ब्रिटिश एअरवेज किंवा सिंगापूर एअरलाइन्स एका बाळासाठी ३६ आणि जुळ्यांसाठी ३२ हीच सीमा ठेवतात. काही कंपन्या आणखी कडक आहेत. त्या शेवटच्या आठवड्यांत त्यांचा स्वतःचा मेडिकल फॉर्म भरून घेतात, आणि पत्र प्रवासाच्या अगदी दोन-चार दिवस आधीचं हवं म्हणतात. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या कंपनीच्या साइटवरचं गरोदर प्रवाशांचं पान वाचा. आणि हो, तिकीट एका कंपनीचं पण विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, तर जिचं विमान उडणार आहे तिचे नियम बघा.

यात एक ऑफ बाय वन एरर लपलेला आहे, तो प्रोग्रामर मंडळींना लगेच कळेल. "२८ आठवडे पूर्ण" आणि "२८ वा आठवडा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २७ आठवडे पूर्ण झाले की त्याच दिवसापासून २८ वा आठवडा चालू होतो. जसं २७ वर्षं पूर्ण झाली की २८ वं लागतं, तसं. नियमात "२८ व्या आठवड्यापासून पत्र हवं" असं लिहिलं असेल, तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ते एक आठवडा आधी लागू होतं. शंका असेल तर अलीकडचा अर्थ धरा. काउंटरवरचा माणूस पण तोच धरणार आहे.

बरं, ३४ आठवड्यांना परत यायला नियमाप्रमाणे हरकत नव्हती. फक्त पत्र हवं होतं. पण ते पत्र कोण देणार? माझ्या डॉक्टर पुण्यात, मी न्यू जर्सीत, आणि पत्र प्रवासाच्या आधी दोन-चार दिवसांतलं हवं. म्हणजे तिकडच्या डॉक्टरकडे जायचं, आणि तिकडे शेवटच्या तिमाहीत आलेल्या नव्या पेशंटला घ्यायला बरेच क्लिनिक तयार नसतात. दादाने तीन ठिकाणी फोन केले. एकाने सगळे जुने रिपोर्ट मागितले, बाकी दोघांनी नाही म्हटलं. एका पत्रासाठी!

समजा पत्र मिळालं, आणि त्या दिवशी फ्लाइट रद्द झाली, किंवा मला ताप आला, किंवा बीपी वाढलं. दहा-बारा दिवस पुढे गेलं की दार बंद. मग डिलिव्हरी तिकडेच. ड्यू डेट म्हणजे काही डेडलाइन नाही, की बाळ त्या दिवशीच येईल. दहातलं साधारण एक बाळ ३७ आठवड्यांच्या आधी येतं.

इथे मामाचा किस्सा सांगायलाच हवा. मामा म्हणाला, "अगं, मग होऊ दे ना तिकडेच! बाळाला पासपोर्ट मिळेल अमेरिकेचा. लोक मुद्दाम जातात."

मामा प्रेमानेच बोलला. पण या एका वाक्यात दोन खड्डे आहेत, एक पैशाचा आणि एक व्हिसाचा. आधी पैशाचा बघू.

मी समजत होते की ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला की झालं. मग मी तीन पॉलिसी उघडून पूर्ण वाचल्या. जाहिरातीचं पान सोडून त्या चाळीस पानांच्या पीडीएफमधला "काय कव्हर होत नाही" हा भाग. पहिल्या पॉलिसीत लिहिलं होतं की गर्भारपण, प्रसूती, गर्भपात आणि त्यातून निघणारं काहीही वगळलेलं आहे. संपलं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसी अशाच असतात. दुसरीतही तेच, फक्त भाषा वेगळी. तिसरी होती अमेरिकेतल्या व्हिजिटर्ससाठीची. तिच्यात गरोदरपणातली अचानक उद्भवलेली गुंतागुंत कव्हर होती, पण २६ आठवड्यांपर्यंतच. नॉर्मल डिलिव्हरी नाही, आधी ठरवलेलं सिझेरियन नाही, नेहमीची तपासणी नाही.

यामागचं कारण समजलं की राग येत नाही. इन्शुरन्स अनपेक्षित गोष्टीसाठी असतो. तुम्ही गरोदर असताना पॉलिसी घेताय, तर डिलिव्हरी ही अनपेक्षित गोष्ट नाही, तिची तारीखही माहीत आहे. अपघात होणार हे आधीच माहीत असलेल्या गाडीचा विमा कोण उतरवेल?

मी त्या कंपनीला मेल करून तीन प्रश्न विचारले. तुम्हीही हेच विचारा, आणि फोनवर नको, लेखी विचारा. पहिला: २६ आठवडे कोणत्या दिवशी मोजणार, पॉलिसी घेताना, प्रवास सुरू होताना की उपचाराच्या दिवशी? दुसरा: गुंतागुंत म्हणजे नेमकं काय काय धरता? वेळेआधी कळा सुरू झाल्या तर ते त्यात येतं का? तिसरा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: बाळ जन्माला आलं तर बाळाचा खर्च कोणाचा?

उत्तरं आली. आठवडे उपचाराच्या दिवशी मोजणार. वेळेआधीच्या कळा केसनुसार बघू. आणि बाळ कव्हर नाही. कारण पॉलिसी माझ्या नावावर आहे, आणि जन्माला आल्या क्षणी बाळ ही वेगळी व्यक्ती, वेगळा पेशंट.

हे वाचून मी जरा वेळ गप्प बसले. कारण खरा मोठा आकडा तिथेच असतो. अमेरिकेत नोकरीतून इन्शुरन्स असलेल्या बाईचा गरोदरपण ते बाळंतपण हा सगळा खर्च २०१८ ते २०२० मध्ये सरासरी १९ हजार डॉलरच्या आसपास जात होता, आणि त्यातला बहुतेक भाग तिची इन्शुरन्स कंपनी भरत होती. हे सगळं नीट पार पडलं तर. वेळेआधी आलेल्या बाळाला एनआयसीयूत ठेवावं लागलं तर दिवसाला हजारो डॉलर, आणि असे दिवस पाच असतील की पन्नास, हे आधी सांगता येत नाही.

काही जण म्हणतात, तिकडे इमर्जन्सीत हॉस्पिटल नाही म्हणू शकत नाही. बरोबर आहे. १९८६ पासून तसा कायदा आहे. इमर्जन्सी विभागात आलेल्या बाईला कळा सुरू असतील तर पैसे आहेत की नाही हे न बघता उपचार करावेच लागतात. पण उपचार करावे लागतात म्हणजे ते फुकट होतात असं नाही. बिल येतं, घरी येतं, तुमच्या नावावर येतं. आणि ते सरकारी मदतीतून भरलं गेलं तर पुढच्या व्हिसाच्या वेळी तो प्रश्न तुमच्यासमोर परत येऊ शकतो.

आता माझ्या तारखा या २६ आठवड्यांवर ठेवून बघा. २० जूनला मी २४ आठवडे ६ दिवस. म्हणजे २६ आठवडे पूर्ण होणार २८ जूनला. लग्न ५ जुलैला. म्हणजे लग्नाच्या दिवशी गरोदरपणासाठी माझ्याकडे काहीच कव्हर नाही. लग्न पुढे-मागे होणार नव्हतं, हॉल बुक होता.

इथे "हे करा म्हणजे सगळं सुरक्षित" असा उपाय माझ्याकडे नाही. नव्हताच. आम्ही, म्हणजे मी आणि नवरा, एका रविवारी बसलो आणि ठरवलं की जोखीम शून्य करता येत नाही, पण तिचे दिवस कमी करता येतात. दोन महिने राहायचं होतं ते रद्द. परतीची तारीख लग्नानंतर लगेचची. आधी ११ जुलै धरली, कारण त्या दिवशी २७ आठवडे ६ दिवस होत होते, २८ च्या आत. मग लक्षात आलं की आमची फ्लाइट वाटेत बदलायची होती. दुसरं विमान सुटणार १२ जुलैला, आणि त्या दिवशी २८ पूर्ण! एकाच तिकिटातली दोन विमानं, आणि मध्ये तारीख बदलते. म्हणून ९ जुलै घेतली. २७ आठवडे ४ दिवस, आणि दोन-तीन दिवस हाताशी, काही उशीर झालाच तर.

बाकी तीन गोष्टी केल्या. तिकीट घेतलं ते थोडं महाग, पण रद्द करता येणारं. निघण्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरांकडे तपासणी ठेवली: बीपी, शुगर, आणि सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी. आधीच ठरवलं होतं की यातलं एकही बिघडलं तर जायचं नाही, रडायचंही नाही, व्हिडिओ कॉलवर लग्न बघायचं. आणि दादाने घराजवळचं असं हॉस्पिटल शोधून ठेवलं जिथे एनआयसीयू आहे. तिसरी पॉलिसी तरीही घेतली. पहिल्या आठवड्यासाठी ती गरोदरपणाला लागू होती, आणि पाय मोडला किंवा अपेंडिक्स दुखलं तर पूर्ण प्रवासभर.

आता मामाच्या वाक्यातला दुसरा खड्डा, व्हिसाचा.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जानेवारी २०२० मध्ये बी व्हिसाचा नियम बदलला. बाळाला नागरिकत्व मिळावं म्हणून तिकडे जाऊन बाळंत होणं हा मुख्य हेतू असेल, तर तो व्हिजिटर व्हिसासाठी चालणारा हेतू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याला वाटलं की ही बाई तिकडे असताना बाळंत होणार आहे, तर हेतू तोच आहे असं तो गृहीत धरतो. तसं नाही हे आपल्याला दाखवून द्यावं लागतं. उपचारासाठीच जायचं असेल तर तिकडच्या डॉक्टरांची तयारी आणि पैशाची सोय दाखवावी लागते. बरं, पासपोर्टची गोष्टही मामाला वाटली तेवढी सरळ नव्हती. २० जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील तिथले नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला नागरिकत्व द्यायचं नाही. २०२५ मध्ये न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली, पण वाद उभा राहिलाच.

याचा अर्थ गरोदर बाईला अमेरिकेत जाताच येत नाही असा नाही. हे नीट ऐका, कारण याबाबत व्हॉट्सअ‍ॅपवर भलतंच फिरत असतं. गरोदर बाईला प्रवेश बंद असा कोणताही नियम नाही. विमानतळावरच्या सीबीपीच्या अधिकाऱ्याला निर्णयाचा अधिकार आहे, आणि तो बघतो ते हेच: ड्यू डेट कधी, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का, काही झालं तर खर्च कोण करणार. व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंतचा पास. आत सोडायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे दारावर ठरतं.

मी एक फोल्डर केला होता, कागदाचा, मोबाईलमधला नाही. त्यात परतीचं तिकीट, डॉक्टरांचं पत्र, पुण्यातल्या हॉस्पिटलमध्ये बाळंतपणासाठी नाव घातल्याची पावती, ऑफिसचं रजेचं पत्र, लग्नाची पत्रिका, पॉलिसी आणि बँकेचं स्टेटमेंट. यातली नाव घातल्याची पावती सगळ्यात कामाची. डिलिव्हरी कुठे होणार याचा तो लेखी पुरावा आहे.

डॉक्टरांच्या पत्राबद्दल एक टीप, कारण मुंबईच्या चेक-इन काउंटरवर मी यातच अडकले. पत्रात डॉक्टरांनी "२४ आठवडे" लिहिलं होतं, पत्राच्या तारखेचे. काउंटरवरच्या मुलीने आज किती ते बोटांवर मोजलं, मग परतीच्या तारखेचं मोजलं, मग सिनिअरला बोलावलं. वीस मिनिटं गेली. पत्रात ड्यू डेट स्पष्ट लिहिलेली असती तर दोन मिनिटांत झालं असतं. म्हणून पत्रात ड्यू डेट, एक बाळ आहे की जुळी, गुंतागुंत नाही, आणि अमुक तारखेपर्यंत प्रवासाला हरकत नाही, एवढं इंग्रजीत, सही-शिक्का आणि डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशन नंबरसह घ्या. आठवडे लिहायचेच असतील तर दोन्ही प्रवासाच्या दिवशीचे.

न्यूअर्कला रांगेत माझे पाय थरथरत होते. अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? भावाचं लग्न. किती दिवस? एकोणीस. मग पोटाकडे बघून, ड्यू डेट कधी? ४ ऑक्टोबर. डिलिव्हरी कुठे? पुण्यात, नाव घातलंय, ही पावती. तिने पावती बघितली, परतीचं तिकीट बघितलं, काम काय करता विचारलं, आणि शिक्का मारला. बस. आई मागे उभी राहून स्तोत्र म्हणत होती.

तुम्हाला जास्त प्रश्न विचारले, किंवा बाजूच्या खोलीत नेलं, तर घाबरू नका. त्याला सेकंडरी इन्स्पेक्शन म्हणतात, आणि तिथे हेच प्रश्न सविस्तर होतात. फक्त एक लक्ष्मणरेषा आहे: खोटं बोलायचं नाही. सैल कुर्ता घालून पोट लपवणं, "किती आठवडे?" ला दोन महिने कमी सांगणं, असे सल्ले मिळतात. नको. परत पाठवलं तर ते वाईट आहे, पण त्यातून सावरता येतं. काही वेळा अधिकारी स्वतःहून माघार घेऊ देतात, काही वेळा पाच वर्षांची बंदी लागते. पण जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं तर बंदी कायमची असते. आणि आज बोललेलं खोटं पाच वर्षांनी, तुम्ही नोकरीच्या व्हिसासाठी उभ्या असताना समोर येऊ शकतं. आपल्या क्षेत्रातल्या मुलींनी तर हे डोक्यात पक्कं ठेवावं.

आत गेल्यावर `i94.cbp.dhs.gov` वर जाऊन तुमचा आय-९४ बघा. बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. पण सहा महिने मिळाले म्हणून सहा महिने राहायचं, असा अर्थ नाही. अधिकाऱ्याला एकोणीस दिवस सांगून मग बाळंतपणापर्यंत राहिलं, तर पुढच्या वेळी त्याच स्क्रीनवर ते दिसतं.

समजा सगळी काळजी घेऊनही तिकडेच बाळ आलं. तर लगेच परत येता येत नाही हे लक्षात ठेवा. बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो. तो अमेरिकेचा निघाला तर भारतात यायला बाळाला व्हिसा किंवा ओसीआय लागतं. काही दिवसांच्या बाळाला विमान कंपन्या घेतही नाहीत. म्हणजे काही आठवडे तिकडेच मुक्काम, आणि तुमच्या आय-९४ ची तारीख त्याच वेळी जवळ येत असते.

लग्न छान झालं. दादाच्या वरातीत मी खुर्चीवर बसून नाचले. ९ जुलैला निघालो, पुण्यात आल्यावर सातव्या महिन्यात आईने डोहाळजेवण केलं. दोन महिने राहिले नाही म्हणून दादा जरा नाराज होता.

आणि बाळ? ड्यू डेट ४ ऑक्टोबर. ती आली ९ सप्टेंबरला, पंचवीस दिवस आधी, ३६ आठवडे ३ दिवसांची. चार दिवस एनआयसीयूत होती, मग घरी. आधीच्या प्लॅनप्रमाणे मी २४ ऑगस्टला निघणार होते. त्यात पंधरा दिवसांचा घोळ झाला असता, एक फ्लाइट, एक पत्र, एक ताप, तर ते चार दिवस न्यू जर्सीत गेले असते, कोणतंही कव्हर नसताना. दादाला मी हा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तेव्हा त्याची नाराजी गेली.

तर ज्या मैत्रिणीचा मेसेज आला होता, तिच्यासाठी उत्तर: जा. पण तिकीट काढताना आधी परतीची तारीख टाक, त्या दिवशी कितवा आठवडा ते बघ, आणि मग मागे मोजत ये. पॉलिसीची वगळलेली पानं वाच. आणि पुण्यात नाव आधी घाल, बॅग नंतर भर.

वरचा कोड कॉपी करून तारखा बदला, मोबाईलवरच्या कुठल्याही ऑनलाइन पायथन पानावर चालतो. उत्तरात काही गडबड वाटली तर कळवा. पुढच्या भागात भेटू!